संशोधन प्रकल्पातील आपला वाटा लहान असेल तर तो कसा लिहावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे कोणासाठी आहेत?

पदवीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत ज्यांनी एखाद्या प्रयोगशाळेत सहा ते दहा आठवडे काम केले आहे आणि आता एम.एस्सी., एकात्मिक पीएच.डी. किंवा परदेशातील प्रवेशासाठी त्या कामाबद्दल लिहायला बसले आहेत, त्यांच्यासाठी. बेंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, नवी दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन पाठ्यवृत्ती देतात, तिचा कालावधी साधारण दोन महिन्यांचा असतो. प्रयोगशाळेतला मूळ प्रकल्प मात्र बहुधा तीन-चार वर्षे चाललेला असतो. त्यामुळे दोन महिन्यांसाठी आलेल्या विद्यार्थ्याचा वाटा लहान असणे हा अपवाद नसून नियमच आहे, आणि अर्ज वाचणाऱ्यालाही ते ठाऊक असते. मी महाविद्यालयात शिकवतो, दरवर्षी शिफारसपत्रे लिहितो आणि काही वर्षे प्रवेशाच्या मुलाखतींना बसलो आहे. खालची उत्तरे त्या अनुभवातून आली आहेत.

वाटा लहान होता हे सरळ लिहिले तर अर्ज कमकुवत होत नाही का?

कमकुवत होतो तो मोघम लिहिल्याने. ‘मज्जातंतूंच्या ऱ्हासातील एका जनुकाच्या भूमिकेवर संशोधन केले’ हे वाक्य विद्यार्थ्याने लिहिले की त्याच्या प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावरून उतरवले, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. त्या वाक्यात प्रकल्प दिसतो, विद्यार्थी दिसत नाही. याउलट ‘पाच नळ्यांतील माश्यांची चढण्याची क्षमता तीन वयांना मोजली’ असे लिहिले, तर काम छोटे दिसते, पण ते कोणी केले याबद्दल शंका राहत नाही आणि मुलाखतीत काय विचारायचे तेही लगेच सुचते.

एखादे उदाहरण पूर्ण उलगडून दाखवता येईल का?

पुढचे उदाहरण कोणा एकीचे नाही, अनेक अर्जांवरून बेतले आहे. प्राणिशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी फळमाशीवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत आठ आठवडे होती. चेतापेशींमध्ये एका विशिष्ट जनुकाचे काम कमी केले तर वय वाढताना माशीची हालचाल लवकर मंदावते का, हा प्रकल्पाचा प्रश्न होता. प्रकल्प पीएच.डी. करणाऱ्या सीनियरचा, प्रश्न मार्गदर्शकांचा आणि माश्यांचे वाण प्रयोगशाळेत आधीपासूनचे होते.

तिने प्रत्यक्ष काय केले? पहिले दहा दिवस मक्याच्या पिठाचे आणि अगारचे खाद्य शिजवून नळ्यांत भरणे, जुन्या नळ्यांतल्या माश्या नव्या नळ्यांत हलवणे, आणि संकरासाठी कुमारी माद्या गोळा करणे. २५ अंश सेल्सिअसला कोषातून बाहेर पडलेली मादी साधारण आठ तासांच्या आत समागमाला तयार होत नाही, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी अशा दोन फेऱ्या माराव्या लागतात. ताज्या मादीच्या फिकट पोटातून एक गडद ठिपका दिसतो, त्यावरून ती ओळखायची. त्यानंतर सीनियरने ठरवलेले संकर तिने लावले. सुमारे दहा दिवसांनी पिल्ले बाहेर आली आणि तिने त्यांचे तीन गट केले: एक प्रयोगाचा आणि दोन तुलनेचे. प्रत्येक गटात पाच नळ्या, प्रत्येक नळीत २० माश्या.

मग चढण्याची चाचणी. नळी टेबलावर हलकेच आपटली की माश्या तळाशी पडतात आणि स्वभावतःच वर चढू लागतात. तळापासून आठ सेंटीमीटरवर रेघ आखायची आणि दहा सेकंदांत किती माश्या ती ओलांडतात ते मोजायचे. तिने हे मोबाइलवर चित्रित केले, दहाव्या सेकंदाला चित्र थांबवले आणि मोजले. माश्यांच्या वयाच्या ५, १५ आणि २५ व्या दिवशी, प्रत्येक नळीची तीन वेळा, म्हणजे एकूण १३५ मोजण्या.

पहिल्या मसुद्यात तिने लिहिले होते: ‘फळमाशी वापरून चेतापेशींच्या ऱ्हासातील जनुकाच्या भूमिकेचा शोध घेतला, वर्तनविषयक चाचण्यांची रचना केली, ३०० माश्यांच्या माहितीचे संख्याशास्त्रीय विश्लेषण केले आणि सदर जनुक वार्धक्याचे नियमन करते असे दाखवले.’

या एका वाक्यात चार दावे आहेत आणि चारही थोडे थोडे खोटे आहेत. शोध सीनियरचा होता. चाचणीची रचना तिची नव्हती, ती या क्षेत्रात वर्षानुवर्षे वापरात आहे. विश्लेषणाचा तक्ता सीनियरने आधीच बनवून ठेवलेला होता आणि तिने त्यात आकडे भरले. आणि २५ व्या दिवशी प्रयोगाच्या गटात फरक दिसला खरा, पण तो एकाच वेळी केलेल्या एका प्रयोगातला होता. ती गेल्यावर सीनियरने तोच प्रयोग आणखी दोनदा केला, तेव्हा कुठे त्याबद्दल काही म्हणता येऊ लागले.

दुरुस्त केलेला परिच्छेद असा झाला: ‘पीएच.डी. करणाऱ्या एका संशोधकाच्या प्रकल्पात मी आठ आठवडे काम केले. चेतापेशींत एका जनुकाचे काम कमी केल्यास माशीची चढण्याची क्षमता वयानुसार लवकर घटते का, हे तपासले जात होते. प्रश्न आणि प्रयोगाची आखणी त्यांची होती. मी संकर लावले, तीन गटांतील पंधरा नळ्यांची तीन वयांना चाचणी घेतली आणि चित्रणावरून मोजणी केली. एकाच नळीचे सकाळचे आणि संध्याकाळचे आकडे जुळत नाहीत हे माझ्या लक्षात आल्यावर सर्व चाचण्या सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान घ्यायचे ठरले. माझा संच हा तीन पुनरावृत्तींपैकी पहिला होता, अंतिम निष्कर्ष तिन्हींवर आधारलेला आहे.’

सकाळ-संध्याकाळच्या फरकाचे वाक्य पहिल्या मसुद्यात नव्हते. विचारल्यावर ती म्हणाली, ‘सर, ते तर अगदीच साधे होते.’ फळमाशीची हालचाल दिवसाच्या वेळेनुसार बदलते हे जुने ज्ञान आहे, त्यात नवा शोध काही नाही. तरीही संपूर्ण आठ आठवड्यांत तिच्या स्वतःच्या डोळ्यांनी पकडलेली गोष्ट तीच होती, आणि मोठ्या शब्दांच्या गर्दीत नेमकी तीच गळून पडली होती.

कोणती क्रियापदे वापरावीत?

अर्ज बहुधा इंग्रजीत असतो आणि तिथे ‘लेड’, ‘डिझाइन्ड’, ‘डेव्हलप्ड’, ‘एस्टॅब्लिश्ड’ ही क्रियापदे सवयीने येतात, कारण सीव्ही कसा लिहावा हे शिकवणारी बहुतेक पाने तीच सुचवतात. माझी कसोटी सोपी आहे. ‘रचना केली’ असे लिहिण्यापूर्वी विचारावे की तुम्ही नसता तर ती रचना वेगळी झाली असती का? नसती झाली, तर ‘राबवली’, ‘घेतली’, ‘मोजली’, ‘तयार केली’ यांपैकी जे खरे असेल ते लिहावे. ‘साहाय्य केले’ हा शब्द मला फारसा आवडत नाही. तो नम्र दिसतो, पण त्यामागे नळ्या धुण्यापासून निम्मा शोधनिबंध लिहिण्यापर्यंत काहीही दडू शकते. साहाय्य म्हणजे नेमके काय, ते क्रियापदानेच सांगावे.

‘मी’ लिहावे की ‘आम्ही’?

दोन्ही लिहावे, पण ठरवून. प्रश्न, आखणी आणि निष्कर्ष यांसाठी ‘प्रयोगशाळेने’ किंवा ‘आम्ही’, आणि हाताने केलेल्या कामासाठी ‘मी’. कर्मणी प्रयोग मात्र टाळावा. ‘संकर लावण्यात आले, मोजणी करण्यात आली’ असे लिहिले की कोणी केले ते अंधारातच राहते. प्रयोगवहीत ही भाषा शोभते, प्रवेशअर्जात ती लपण्याची जागा होते.

माश्या ३०० होत्या, तर ३०० लिहायला काय हरकत आहे?

ही चूक इतक्या वेळा दिसते की तिच्यावर थोडे थांबतो. एका नळीतल्या २० माश्या एकत्र वाढतात, एकच खाद्य खातात आणि एकाच वेळी आपटल्या जातात. त्यांच्यापैकी एकीच्या हालचालीचा परिणाम दुसरीवर होतो. म्हणून चढण्याच्या चाचणीत मोजणीचे एकक माशी नसून नळी मानतात, आणि तिच्या प्रयोगात प्रत्येक गटाची संख्या १०० नसून ५ होते. एकाच नळीच्या तीन मोजण्यांची सरासरी घेऊन नळीमागे एकच आकडा धरायचा असतो, त्या तीन मोजण्या म्हणजे तीन स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत.

‘३०० माश्यांच्या माहितीचे विश्लेषण’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मुलाखतीत पहिला प्रश्न बहुधा हाच येतो: तुमचे एकक कोणते? तेव्हा ‘माशी’ असे उत्तर आले, तर समोरच्यांना दोन गोष्टी कळतात. विश्लेषण त्याने केलेले नाही, आणि ते कसे झाले हे त्याने विचारलेही नाही. यातली पहिली गोष्ट कोणीही माफ करते. ‘प्रत्येक गटात २० माश्यांच्या पाच नळ्या’ असे लिहिले की आकडाही खरा राहतो आणि समजही दिसते.

दुसऱ्या क्षेत्रांतही याचे भाऊबंद आहेत. एकाच रुग्णाच्या दहा पेशीचित्रांना दहा रुग्ण म्हणणे किंवा एकाच झाडाच्या वीस पानांना वीस झाडे म्हणणे ही त्याच जातीची चूक आहे.

जे मी केले नाही, ते समजून घ्यायलाच हवे का?

प्रकल्पाच्या प्रत्येक भागाची माहिती कोणी मागत नाही. पण तुमच्या हातून गेलेल्या प्रत्येक पायरीचे कारण मात्र विचारले जाते, आणि ते रास्तच आहे. वरच्या उदाहरणात असे प्रश्न येतील: माश्या वेगळ्या करताना कार्बन डायऑक्साइडने बेशुद्ध केल्यावर चाचणी लगेच का घेतली नाही? (बेशुद्धीचा परिणाम हालचालीवर रेंगाळतो, म्हणून साधारण एक दिवस थांबतात.) तुलनेचे गट दोन का? (जनुकाचे काम कमी करण्यासाठी दोन वेगवेगळ्या वाणांचा संकर करावा लागतो. यातला एखादा वाण एकटाच माशीला मंद करत नाही ना, हे दोन्हींसाठी वेगवेगळे तपासावे लागते.) मोजताना कोणती नळी कोणत्या गटातली हे तुम्हाला ठाऊक होते का?

या शेवटच्या प्रश्नावर अनेक जण अडखळतात. खरे उत्तर असे असू शकते: ‘पहिल्या दोन दिवशी ठाऊक होते. मग सीनियरने नळ्यांवरची नावे झाकून क्रमांक टाकले.’ हे उत्तर ऐकून कोणी गुण कापल्याचे मला आठवत नाही. अशा वेळी सीनियरची कल्पना आपली म्हणून सांगायचा मोह होतो, पण पुढचाच प्रश्न ‘क्रमांकांची यादी कोणाकडे होती?’ असा येतो आणि तिथे गोष्ट उलगडते.

शोधनिबंधात माझे नाव मधे कुठेतरी आहे. ते कसे लिहावे?

लेखकांची यादी छापली आहे तशीच, त्याच क्रमाने लिहावी आणि आपले नाव ठळक करावे. ‘इत्यादी’ लिहून मधली नावे गाळू नयेत. तसे केल्याने सहावे नाव दुसरे वाटू लागते. त्याखाली एका ओळीत आपला वाटा लिहावा. अनेक नियतकालिके आता शोधनिबंधाच्या शेवटी प्रत्येक लेखकाचे योगदान छापतात आणि त्यासाठी ‘क्रेडिट’ नावाचे १४ भूमिकांचे वर्गीकरण वापरतात. त्यात संकल्पना, पद्धती, प्रत्यक्ष प्रयोग, विश्लेषण, मूळ मसुदा अशा भूमिका वेगळ्या दाखवल्या जातात. तिथे तुमच्या नावापुढे फक्त प्रत्यक्ष प्रयोगाची भूमिका असेल आणि तुमच्या अर्जात ‘संकल्पना’ हा शब्द असेल, तर विसंगती शोधायला कोणालाही दोन मिनिटे पुरतात.

मी काम केले, पण नाव आभारप्रदर्शनात आहे. हा अन्याय नाही का?

कधी कधी असतोही, पण दरवेळी नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती लेखकपदासाठी चार अटी मांडते: संकल्पनेत, आखणीत किंवा माहिती मिळवण्यात वा तिचा अर्थ लावण्यात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा त्याची चिकित्सक तपासणी करण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कामाच्या सर्व बाजूंची जबाबदारी स्वीकारणे. या चारही पूर्ण व्हाव्या लागतात. माहिती गोळा केली म्हणजे पहिली अट पुरी होऊ शकते, पण शोधनिबंध लिहिला गेला तेव्हा तुम्ही दुसऱ्या शहरात परीक्षा देत होता, तर उरलेल्या राहतात. त्याच समितीचे असेही म्हणणे आहे की पहिली अट पुरी करणाऱ्याला पुढच्या अटी पुऱ्या करण्याची संधी द्यावी. म्हणून प्रयोगशाळा सोडतानाच ‘लिखाण सुरू होईल तेव्हा मला मसुदा वाचायला आवडेल’ असे मार्गदर्शकांना सांगून ठेवण्यात गैर काही नाही.

आभारात नाव असेल तर सीव्हीत ‘प्रकाशने’ या शीर्षकाखाली ते टाकू नये. कामाच्या अनुभवाखाली ‘या कामावर आधारित शोधनिबंधात आभारोल्लेख’ अशी ओळ पुरते.

शोधनिबंध अजून आलेला नाही. ‘तयारीत’ असे लिहावे का?

मसुदा प्रत्यक्षात असेल आणि लेखकांत तुमचे नाव असणार हे मार्गदर्शकांनी सांगितले असेल तरच. ‘पाठवला’, ‘परीक्षणाधीन’ आणि ‘स्वीकृत’ या तीन वेगळ्या अवस्था आहेत, त्यांची अदलाबदल करू नये. मुद्रणपूर्व प्रत एखाद्या सर्व्हरवर असेल तर तिचा दुवा द्यावा. मसुदाच नसेल तर काहीच लिहू नये.

निष्कर्ष काहीच निघाला नाही. मग काय सांगायचे?

का निघाला नाही ते सांगायचे. समजा दुसऱ्या आठवड्यात खाद्य पातळ राहिले आणि तिसऱ्या नळीतल्या माश्या त्यात चिकटून मेल्या, तर प्रश्न असा येतो की त्या माश्या तुम्ही छेदात धरल्या की वगळल्या, आणि ते कधी ठरवले, निकाल पाहण्याआधी की नंतर? याचे प्रामाणिक उत्तर यशस्वी निकालापेक्षा जास्त बोलते.

शिफारसपत्रात मार्गदर्शक वेगळेच काही लिहितील, ही भीती वाटते.

भीती रास्त आहे, कारण दोन्ही कागद एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवून वाचले जातात. उपाय असा की मोठ्या सरांकडे पत्र मागण्यापूर्वी ज्यांच्या शेजारी बसून काम केले त्या सीनियरना आपला परिच्छेद पाठवावा: ‘दादा, यात काही जास्तीचे लिहिले गेले असेल तर खुणा करा.’ मग तोच परिच्छेद मार्गदर्शकांना द्यावा. मोठ्या प्रयोगशाळेत मार्गदर्शक तुम्हाला आठ आठवड्यांत चार वेळा भेटलेले असतात आणि पत्र लिहिताना ते सीनियरलाच विचारतात. माझ्याकडे आलेल्या एका अर्जात ‘स्वतंत्रपणे’ हा शब्द तीनदा होता आणि पत्रात लिहिले होते, ‘सूचना नेमकेपणाने पाळते.’ पत्र चांगलेच होते. पण त्या तीन शब्दांमुळे ते तक्रारीसारखे वाचले गेले.

महाविद्यालयातल्या चौघांच्या गटप्रकल्पाचे काय?

तेच. चौघांनीही ‘मी नेतृत्व केले’ असे लिहून एकाच विद्यापीठात अर्ज केल्याचे मी पाहिले आहे. चौघांनी एकदा बसून कोणी काय केले याची अर्ध्या पानाची यादी करावी आणि प्रत्येकाने ती जपून ठेवावी.

कामाचे तपशील लिहिताना प्रयोगशाळेची गुप्त माहिती बाहेर जाणार नाही का?

जाऊ शकते. काम प्रकाशित झालेले नसेल तर जनुकाचे नाव, आलेख आणि आकडे लिहिण्यापूर्वी परवानगी घ्यावी. ‘एक जनुक’ असे लिहिल्याने तुमचे वर्णन दुबळे होत नाही, कारण वाचणाऱ्याला जनुकापेक्षा तुम्ही काय केले ते पाहायचे असते.

अर्ज आधीच पाठवला आहे आणि त्यात फुगवून लिहिले आहे. आता?

मुलाखत व्हायची असेल तर पहिल्याच संधीला दुरुस्त करावे: ‘अर्जात मी आखणी केली असे लिहिले आहे. ते अचूक नाही, आखणी सीनियरची होती, मी चाचण्या घेतल्या.’ हे सांगायला पंधरा सेकंद लागतात. प्रकाशनाची अवस्था किंवा लेखकांचा क्रम चुकीचा गेला असेल तर मात्र मुलाखतीची वाट न पाहता प्रवेश कार्यालयाला लेखी कळवावे, कारण ती तपासता येणारी वस्तुस्थिती आहे आणि प्रवेशानंतरही उघडकीस येऊ शकते.

पुढच्या वेळी हे लिहिणे सोपे जावे म्हणून काय जपून ठेवावे?

प्रयोगवही प्रयोगशाळेची असते, ती घरी आणू नये आणि तिचे फोटोही विचारल्याशिवाय काढू नयेत. स्वतःची एक वेगळी रोजनिशी ठेवावी, निकालाच्या आकड्यांशिवाय: आज काय केले, कोणी सांगितले म्हणून केले, काय चुकले, काय विचारले. ‘१२ जून. ११ नळ्यांत संकर. दोन नळ्यांत कुमारी माद्यांबद्दल खात्री नव्हती, ताईंनी टाकून द्यायला सांगितल्या’ एवढी नोंद पुरते. सहा महिन्यांनी अर्ज लिहिताना कोणती कल्पना कोणाची होती, हे त्या नोंदीतल्या ‘ताईंनी सांगितल्या’ या दोन शब्दांवरून कळते.